लांबचा नळ आणि विसण

आमच्या बालरुग्णालयाच्या तळमजल्यावर, ओसरीसारख्या लांब मार्गिकेच्या अगदी टोकाला, एक हात धुण्याचे बेसिन आहे. त्याच्या शेजारीच मुलांना शी-शू करवून स्वच्छ करण्याची मोरी आहे. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठच्या आपल्या या शहरात पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो. अशा पहाटे रात्रपाळीची परिचारिका त्या बेसिनचा गरम पाण्याचा नळ सोडून शांतपणे बाजूला उभी असलेली मी कित्येकदा पाहिली आहे. पाणी वाहत असे आणि ती वाट पाहत असे. कधी वाट पाहण्याइतका वेळ नसे. मग त्या बर्फगार पाण्याखाली बोटे कशीबशी ओली करून ती पुढच्या बाळाकडे वळे.

एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. हाताला सोसवेल इतके कोमट पाणी जंतू मारीत नाही. हातावरचे जंतू निघतात ते साबणाने, चोळण्याने आणि वाहत्या पाण्याने. त्या दृष्टीने गार पाणीही तितकेच चांगले. पण माणसाचा हात हा माणसाचाच असतो. पाणी बोचू लागले की चाळीस सेकंदांचे हात धुणे दहा सेकंदांत उरकते. म्हणून टोकाच्या नळाला गरम पाणी लगेच यावे, असे मी तीन वर्षांपूर्वी मनावर घेतले आणि पाणी फिरवणारा पंप बसविला. त्या पंपाने काय साधले, काय बिघडले आणि त्यातून माझे काय मत बनले, ते या लेखात सांगायचे आहे. आपल्यापैकी अनेकांची रुग्णालये आणि बंगले याच धाटणीचे आहेत. त्यामुळे माझी चूक इतरांच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

आधी आम्ही एक साधे मोजमाप केले. पहाटे पाच वाजता, रात्रभर कुणी नळ सोडलेला नसताना, टोकाच्या नळाखाली वीस लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ लावले. पाणी हाताला गरम लागेपर्यंत बादली काठाशी आली होती. सुमारे एकोणीस लिटर पाणी भरले आणि चार मिनिटांना थोडा वेळ कमी लागला.

हे एकोणीस लिटर आले कोठून? आमची ५०० लिटरची सौर टाकी गच्चीवर आहे. तिथून टोकाच्या नळापर्यंत एक इंची सीपीव्हीसी नळ सुमारे ३६ मीटर आणि शेवटी अर्धा इंची नळ ४ मीटर आहे. एक इंची नळाच्या एका मीटरमध्ये साधारण ०.४३ लिटर पाणी मावते आणि अर्धा इंचीत ०.१२ लिटर. म्हणजे पहिल्यात साडेपंधरा आणि दुसऱ्यात अर्धा, असे सोळा लिटर पाणी या नळात नेहमीच भरलेले असते. नळ ही केवळ वाट नव्हे, तो एक लांबट भांडे आहे, हे ध्यानात घेतले की कोडे उलगडते. टाकीतून निघालेले गरम पाणी आपल्यापुढे हे सोळा लिटर ढकलीत येते. उरलेले तीन लिटर नळाच्या गार भिंती तापवण्यात खर्ची पडतात. जुन्या इमारतींत लोखंडी जीआय नळ असतील तर हा हिशेब आणखी वाढतो, कारण एक इंची लोखंडी नळात पाणीही जास्त मावते आणि त्याचे जाड लोखंड स्वतःच बरीच उष्णता पिते.

यातून दोन गोष्टी निघतात. पाणी उशिरा येते म्हणून पुष्कळ जण नळ आणखी जाड घालतात. त्याने वाट पाहणे वाढते, कारण भांडे मोठे होते. दुसरे असे की, वाया जाते ते फक्त समोर दिसणारे गार पाणी नव्हे. हात धुऊन नळ बंद केला की तेच सोळा लिटर, आता मात्र गरम, नळात मागे राहते. हिवाळ्यात उघड्या नळातले साठ अंशांचे पाणी अर्ध्या तासात चाळीस अंशांखाली येते. म्हणजे तासा-दोन तासांच्या अंतराने दिवसातून दहा वेळा हात धुतले, तर टाकीतले १६० लिटर गरम पाणी कुणाच्याही हाताला न लागता नळातच निवते. नळावर फोमचे वेष्टन घातले तर निवण्याचा वेळ दुपटी-तिपटीने लांबतो. सकाळच्या गर्दीत त्याचा चांगला उपयोग होतो. रात्रभराच्या खंडापुढे मात्र वेष्टनाचे काही चालत नाही.

बऱ्हाणपूरच्या माणसाला हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारांतून शहराकडे आणले. तोच आपला कुंडी भंडारा. शंभरांहून अधिक कुंड्या एकमेकींना जोडलेल्या, आणि पाणी नुसत्या उताराने पुढे सरकत जाते. कुणी पाणी उपसो वा न उपसो, प्रवाह चालूच राहतो. म्हणून शेवटच्या कुंडीतही शिळे पाणी नसते, डोंगराकडून नुकतेच आलेले ताजे पाणी असते. आपल्या घरातला नळ नेमका याच्या उलट आहे. तोटी उघडली तरच त्यात प्रवाह असतो आणि ती मिटली की पाणी जागच्या जागी खिळते. टोकाच्या नळाशी गार पाणी थांबलेले असते ते या खिळण्यामुळे. गरम पाण्याच्या नळाला कुंडी भंडाऱ्यासारखे सतत वाहते ठेवायचे, पण एक थेंबही सांडायचा नाही, हेच पाणी फिरवणाऱ्या पंपाचे काम.

त्यासाठी टोकाच्या नळाजवळून एक बारीक परतीचा नळ पुन्हा टाकीकडे न्यावा लागतो. पाणी टाकीतून उतरते, सर्व नळांजवळून फिरते आणि परतीच्या नळाने टाकीत जाते. कुठलाही नळ सोडा, गरम पाणी हाकेच्या अंतरावर उभे असते.

येथे एक शंका येते. आपल्या सौर संयंत्रात तर पंप नसतोच, तापलेले पाणी हलके होऊन आपसूक टाकीत चढते. मग हे चक्र आपसूक का फिरू नये? थंड देशांतील जुन्या घरांत ते फिरत असे, कारण त्यांची तापवण्याची टाकी तळघरात आणि नळ वर. गरम पाणी वर चढे, गार झालेले जड पाणी दुसऱ्या नळाने खाली उतरे. आपल्याकडे टाकी गच्चीवर आणि नळ खाली. गरम, हलके पाणी आधीच वर बसलेले आहे आणि गार, जड पाणी तळाशी. दोघांनाही जागा सोडण्याचे कारण नाही. म्हणून गच्चीवर टाकी असलेल्या घरात हे चक्र आपोआप कधीच फिरणार नाही. तिथे पंप हवाच.

पंप केवढा हवा, यावर आमच्या प्लंबरने पटकन उत्तर दिले, "मॅडम, दोन मजले चढवायचे आहे, अर्धा अश्वशक्तीचा तरी लागेल." ते खरे नव्हते. बंद चक्रात पाणी चढवावे लागत नाही. उतरणाऱ्या नळातला पाण्याचा स्तंभ चढणाऱ्या स्तंभाला तोलून धरतो, रहाटाच्या दोन बाजूंना सारखी भांडी असावीत तसा. पंपाला झगडायचे असते ते फक्त नळातल्या घर्षणाशी. आणि पाणी तरी किती फिरवायचे? नळातून जेवढी उष्णता वाटेत गळते तेवढीच भरून काढायची. आमच्या चक्रात जाणारा आणि येणारा मिळून नळ ६८ मीटर भरला. चांगले वेष्टन असेल तर दर मीटरला नऊ-दहा वॅट उष्णता गळते, म्हणजे सगळी मिळून सुमारे ६५० वॅट. फिरून येणारे पाणी पाच अंशांहून जास्त निवू द्यायचे नसेल, तर मिनिटाला दोन लिटर फिरवले की पुरते. हे काम तीस वॅटचा, हाताच्या मुठीत मावेल असा छोटा सर्क्युलेटर सहज करतो. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप बारापट वीज खाईल, गरम पाणी वेगाने घुसळून नळ झिजवील आणि रात्री वॉर्डात घरघर करील.

खर्चाचा खरा प्रश्न पंपाचा नसून त्या गळणाऱ्या उष्णतेचा आहे, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. पंप रात्रीच्या दहा तासांत एक तृतीयांश युनिटही वीज घेत नाही. पण त्याच दहा तासांत ६५० वॅटच्या हिशेबाने साडेसहा युनिट उष्णता टाकीतून भिंतींना अर्पण होते. ५०० लिटरची टाकी तेवढ्याने दहा-अकरा अंशांनी उतरते. आम्ही पहिल्या महिन्यात वेष्टन "नंतर घालू" म्हणून ठेवले होते. उघड्या नळातून गळती अडीचपट असते. संध्याकाळी साठ अंशांवर असलेली टाकी पहाटे तिसाच्या आसपास सापडली. टोकाच्या नळाला पाणी तत्काळ येत होते, पण ते गरम नव्हते! गार पाण्याची वाट पाहण्याऐवजी आम्ही सगळी टाकीच कोमट करून ठेवली होती. म्हणून वेष्टन आधी आणि पंप नंतर, हा क्रम मी आता कुणालाही सांगते.

दुसरा एक दोष आम्हाला पंधरा दिवस सापडला नव्हता. काही नळांना कढत, तर टोकाच्या नळाला अधूनमधून कोमट पाणी येई. कारण असे की, परतीच्या नळावर एकेरी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवायची राहिली होती. कुणी नळ जोराने सोडला की पाणी सोपी वाट धरी आणि टाकीच्या खालच्या भागातले कमी तापलेले पाणी परतीच्या नळातून उलटे येऊन मिसळे. ही खूण ओळखणे अवघड नाही. पंप चालू असताना परतीच्या नळाला हात लावावा आणि दुसऱ्याला टोकाचा नळ पूर्ण सोडायला सांगावे. हाताखालचा नळ झरझर गार होऊ लागला तर झडप नाही, किंवा कूपनलिकेच्या जड पाण्याच्या खपल्या अडकून ती मिटत नाही, असे समजावे.

हे सर्व दुरुस्त झाले. वेष्टन आले, झडप आली, रात्रीसाठी टाकीत विजेची तापककांडी साठ अंशांवर लावली. टोकाच्या नळाला पाच सेकंदांत गरम पाणी येऊ लागले. परिचारिका खूश झाल्या आणि मीही. त्या आनंदात आम्ही एका गोष्टीचा विचारच केला नव्हता.

फेब्रुवारीतील एका दुपारी जुलाबासाठी दाखल असलेल्या पावणेदोन वर्षांच्या मुलाला त्याची आजी टोकाच्या मोरीवर घेऊन गेली. याच मुलाला घेऊन ती डिसेंबरातही आमच्याकडे राहून गेली होती आणि त्या नळाची रीत तिला ठाऊक होती. तिने गरम पाण्याचा नळ सोडला आणि तशीच मुलाला खाली धरली. सौर टाकी त्या दुपारी ६८ अंशांवर होती. मुलाच्या किंचाळीने सगळा वॉर्ड धावला. मूल तिने तत्काळ ओढून घेतले होते आणि आम्ही त्याला लगेच गार पाण्याच्या संथ धारेखाली वीस मिनिटे धरले. त्यामुळे कंबरेखाली लाली आणि दोन फोड एवढ्यावर भागले. दहा दिवसांत त्वचा भरून आली. आजीच्या डोळ्यांचे पाणी मात्र थांबेना. ती पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती, "डॉक्टरबाई, या नळाला आधी गारच पाणी यायचं हो. म्हणून मी हात लावून पाहिला नाही."

तिचे त्यात काहीही चुकले नव्हते. चूक माझी होती. टोकाच्या नळाशी थांबलेले ते गार पाणी मी केवळ अडचण मानले होते. वस्तुतः ते एक पहारेकरीही होते. नळ सोडल्यापासून कढत पाणी येईपर्यंत माणसाला चार मिनिटांची सवलत मिळे. पाणी हळूहळू तापे, हाताला सूचना मिळे. पंपाने तो पहारेकरी काढून टाकला आणि त्याच्या जागी आम्ही दुसरा नेमला नाही.

भाजण्याचे गणित आपल्या वैद्यक वर्गाला नवे नाही, पण ते नळाशी जोडून क्वचितच पाहिले जाते. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ मध्ये जे मोजले ते अजून ग्राह्य आहे. प्रौढ त्वचा ४९ अंशांच्या पाण्यात खोलवर भाजायला नऊ-दहा मिनिटे लागतात, ६० अंशांत मात्र फक्त पाच सेकंद. केवळ अकरा अंशांच्या फरकाने मिनिटांचे सेकंद होतात. लहान मुलाची त्वचा पातळ असते, म्हणून त्याला त्याहूनही कमी वेळ पुरतो. शिवाय ते स्वतः बाजूला होऊ शकत नाही. आपल्याकडची काचनळ्यांची सौर संयंत्रे एप्रिलच्या उन्हात पाणी ऐंशी अंशांपर्यंतही नेतात. तिथे तर सेकंदही मोजता येत नाही.

मग टाकीच पंचेचाळीस अंशांवर का ठेवू नये, असे काही सहकारी विचारतात. घरगुती छोट्या गीझरच्या बाबतीत पारा थोडा खाली ठेवणे समजण्यासारखे आहे, पण रुग्णालयाच्या फिरत्या पाण्यात ते करू नये. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियात निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची जी साथ आली, तिचा जंतू १९७७ च्या जानेवारीत सापडला आणि त्याला लिजिओनेला हे नाव पडले. तो साधारण वीस ते पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात, विशेषतः खपल्या आणि गाळ असलेल्या थांबलेल्या पाण्यात, वाढतो. साठ अंशांवर तो काही मिनिटांत मरतो. पाणी पिण्याने नव्हे, तर त्याचे सूक्ष्म तुषार श्वासातून गेल्याने तो बाधतो. निरोगी मुलांत हा आजार विरळा आहे, पण नवजात आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांत तो जिवावर बेततो. ह्युमिडिफायरमध्ये आणि नेब्युलायझरमध्ये नळाचे पाणी घालू नये, असे आपण परिचारिकांना शिकवतो, त्याचे हेही एक कारण. तेव्हा टाकी कोमट ठेवून फिरवणे म्हणजे जंतूला साठ-सत्तर मीटरचे ऊबदार घर बांधून देणे होय. टाकीत साठ अंश आणि परतीच्या नळात निदान पन्नास, हे रुग्णालयापुरते पथ्य आहे. परतीच्या नळावर एक साधा तापमापक लावला की ते रोज पाहता येते. आणि एखादी खोली महिनोन्‌महिने बंद असेल तर तिच्याकडे जाणारा नळाचा फाटा तोडून बंद करावा. मुख्य चक्र फिरत राहिले तरी त्या फाट्यात पाणी कोमट होऊन कुजत पडते.

म्हणजे पाणी साठवायचे कढत आणि मुलाच्या अंगाला लागू द्यायचे कोमट. या दोन गोष्टींत विरोध दिसतो, पण तो आपल्या आजी-पणजीने केव्हाच सोडवला होता. घरात तांब्याचा बंब असे. त्याची तोटी बंबालाच, म्हणजे नळाची लांबी शून्य आणि वाट पाहणेही शून्य. पाणी येई ते कढतच. पण ते तसेच कुणी अंगावर घेत नसे. बादलीत विसण घातल्याशिवाय, आणि कोपर बुडवून पाहिल्याशिवाय, बाळाला पाण्याजवळ नेत नसत. आज आपल्या घरांतून बंब गेला आणि त्याबरोबर विसण हा शब्दही मागे पडला. पण नळाला हवे आहे ते नेमके विसणच.

त्या घटनेनंतर आम्ही मुलांच्या हाती येणाऱ्या प्रत्येक गरम नळाखाली तापनियंत्रक मिश्रण झडप बसविली. तिच्यात गरम आणि गार असे दोन्ही नळ येतात. आतला मेणाचा छोटा घटक तापमानाप्रमाणे फुगतो-आकसतो आणि दोहोंचे प्रमाण राखतो. आम्ही बेसिनला ४१ अंश आणि मुलांच्या मोरीला ३८ अंश ठरवले. झडप नळाच्या तोंडाजवळच हवी, टाकीजवळ नको. टाकीजवळ बसवली तर पुढची सगळी लांबी कोमट पाण्याची होईल आणि वर सांगितलेला धोका घरात येईल.

या झडपेच्याही मर्यादा आहेत. गरम आणि गार पाण्याचा दाब साधारण सारखा असावा लागतो. दोन्ही टाक्या गच्चीवर एकाच उंचीला असतील तर ते सहज जमते, फक्त कमी दाबावर चालणारी झडप मागून घ्यावी लागते. गार पाणी प्रेशर पंपातून आणि गरम पाणी गच्चीवरून आले तर तिचे गणित चुकते. जड पाण्याने तिची जाळी तुंबते. म्हणून आम्ही दर तीन महिन्यांनी एक परीक्षा घेतो. नळ चालू ठेवून गार पाण्याचा कॉक एकदम बंद करायचा. झडप ठीक असेल तर दोन-चार सेकंदांत गरम पाणीही थांबते. कढत धार चालूच राहिली तर झडप निकामी आहे असे समजून तो नळ त्याच क्षणी बंद करायचा. आणि बऱ्हाणपूरच्या मे महिन्यात झडप काही करू शकत नाही, हेही लक्षात ठेवायचे, कारण गच्चीवरच्या काळ्या टाकीतले "गार" पाणीच चाळिशीच्या पुढे गेलेले असते. तेव्हा मुलांसाठी सावलीत भरून ठेवलेलेच पाणी वापरावे. त्या दिवसांत आम्ही पंप बंद ठेवतो आणि आठवड्यातून एकदा, मुले जवळपास नसताना, कढत पाणी प्रत्येक नळातून काही मिनिटे सोडून देतो.

आता माझे मत. राहत्या घरात, जिथे एखादाच नळ लांब आहे, तिथे पंपाची उठाठेव करू नये. त्या एका नळाशेजारी तीन लिटरचा छोटा गीझर लावावा, किंवा आधीचे गार पाणी बादलीत धरून झाडांना घालावे. नवे घर बांधणाऱ्यांनी न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर टाकीच्या खाली एकावर एक यावीत असे नकाशातच पाहावे. ज्यांच्याकडे परतीचा नळ घालायला जागा नाही त्यांना गार पाण्याच्या नळातूनच पाणी परत फिरवणारे उपकरण सुचवले जाते. त्याने गार नळालाही काही काळ कोमट पाणी येते. लहान मुले असलेल्या घरात, जिथे निदान एक नळ तरी निःशंकपणे गार असला पाहिजे, तिथे मला ते पसंत नाही.

रुग्णालयात मात्र, जिथे लांब मार्गिकेवर आठ-दहा नळ आहेत आणि पहाटे तीन वाजताही हात धुवायचे आहेत, तिथे पंप अवश्य असावा. पण तो शेवटी यावा. आधी वेष्टन, मग परतीचा नळ आणि एकेरी झडप, मग प्रत्येक तोंडाशी विसण घालणारी मिश्रण झडप, आणि हे सर्व झाल्यावर पंपाचे बटण. मी हा क्रम उलटा केला आणि त्याची किंमत एका पावणेदोन वर्षांच्या मुलाने मोजली.

त्या टोकाच्या मोरीवर आता एक पाटी आहे. नळ सोडल्यावर मुलाला खाली धरण्याआधी आपला हात धरावा, एवढेच तीवर लिहिले आहे. झडप बसवली, तिची परीक्षाही होते, तरी ती पाटी मी काढलेली नाही. झडप बिघडू शकते. कोपर बुडवून पाहणारी आजी असेल तर बिघडलेल्या झडपेनेही मूल भाजत नाही.